एआय वापरलं तर सांगायचं, पण सांगायचं म्हणजे नेमकं काय?

"विद्यार्थ्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा मर्यादित व जबाबदारीने वापर करावा आणि त्याचा योग्य तो उल्लेख करावा."

विद्यापीठाच्या परिपत्रकात शोभून दिसेल असं हे वाक्य. विद्यार्थ्यांच्या एआय वापराच्या कलमाचा मसुदा ठरवण्याच्या पहिल्या बैठकीत ते वाचलं गेलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. एका वाक्यावर सगळे प्राध्यापक इतक्या लवकर एकमत झाले, तर प्रत्येकानं त्यात आपापला अर्थ भरला आहे असं खुशाल समजावं. 'मर्यादित' म्हणजे किती, 'जबाबदारीने' म्हणजे कसं, 'योग्य तो' कोण ठरवणार, 'उल्लेख' कुठे करायचा, यातलं काहीच त्यात नाही. शिवाय 'करावा' हे क्रियापद सल्ल्याचं आहे. कोणी नाही केला तर पुढे काय, याचं उत्तर त्यातून निघत नाही.

असं कलम शेवटी तीन माणसांच्या हातात पडतं. एक, तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी पोर, जिला उद्या प्रोजेक्ट जमा करायचा आहे. दुसरे तिचे मार्गदर्शक. तिसरे दुसऱ्या कॉलेजातून आलेले बाह्य परीक्षक, ज्यांनी तिला आधी कधी पाहिलेलं नाही. एकाच प्रोजेक्टबद्दल या तिघांचं उत्तर सारखं यावं, एवढंच कलमाचं काम. म्हणून एक प्रोजेक्ट समोर ठेवूनच कलम लिहून पाहू.

उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातलं घेऊ, राळेगाव किंवा घाटंजीच्या बाजूचं. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. फील्ड प्रोजेक्टचा विषय: कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी आणि उचल. ती गावात गेली, बायांशी बोलली, बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं. घरी आल्यावर तिनं एआय पाच ठिकाणी वापरलं. रेकॉर्डिंगचं लेखी रूप एका ॲपकडून करून घेतलं. स्वतः लिहिलेल्या प्रकरणांचं शुद्धलेखन तपासून घेतलं. सरांनी इंग्रजीत सारांश मागितला होता, म्हणून मराठी सारांशाचा अनुवाद करवला. 'पूर्वसंशोधनाचा आढावा' हे प्रकरण चॅटबॉटला सांगून पूर्ण लिहून घेतलं. आणि ठरलेल्या संख्येला काही मुलाखती कमी पडत होत्या, तेव्हा चॅटबॉटला म्हटलं, अशाच आणखी तीन करून दे. त्यानं दिल्या, अगदी नावा-वयासकट.

वरचं गोड वाक्य या पाचही गोष्टींना एकाच मापानं मोजतं. पहिल्या तीन गोष्टींना कोणी हरकत घेऊ नये आणि पाचवी कोणत्याही परिस्थितीत चालू नये, हे मात्र सामान्य बुद्धीच्या कुणालाही कळतं. ही सीमा कलमात कशी उतरवायची, हा खरा प्रश्न.

बैठकीत लगेच एक सूचना येते: टक्केवारी ठेवा. "एआयने तयार केलेला मजकूर वीस टक्क्यांपेक्षा जास्त नसावा." ही सवय आपल्याला वाङ्मयचौर्याच्या नियमांनी लावली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत साम्याचे टप्पे आहेत. दहा टक्क्यांपर्यंत दंड नाही, मग दहा ते चाळीस, चाळीस ते साठ आणि साठच्या वर, अशी शिक्षा चढत जाते. तिथे टक्केवारी चालते, कारण सॉफ्टवेअर तुमचं वाक्य कुठल्या तरी प्रत्यक्ष छापलेल्या वाक्याशी जुळवतं. मूळ पान उघडून दोन्ही वाक्यं शेजारी ठेवता येतात आणि विद्यार्थ्याला दाखवता येतात.

एआय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरकडे असं शेजारी ठेवायला काहीच नसतं. वाक्यांची ठेवण, पुढच्या शब्दाचा अंदाज किती सहज बांधता येतो, यावरून ते तर्क करतं आणि तर्काला टक्क्यांचा आकडा लावतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनं स्वतःचं असं ओळखयंत्र जानेवारी २०२३ मध्ये आणलं आणि अचूकता कमी म्हणून त्याच वर्षी जुलैत मागे घेतलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्येच अशी सात ओळखयंत्रं तपासली. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशा विद्यार्थ्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरीनं निम्म्याहून जास्त निबंधांवर 'एआयनं लिहिलेलं' असा शिक्का बसला. अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांवर तो जवळपास बसलाच नाही. कारण सरळ आहे. शिकून आलेल्या इंग्रजीत शब्द मोजके असतात आणि वाक्यं साच्यातली असतात, आणि हे यंत्र नेमका साचाच शोधतं. मराठी माध्यमातून आलेली आपली पोरगी इंग्रजी सारांश स्वतःच्या हातानं लिहील तेव्हा सगळ्यात आधी तीच पकडली जाईल. म्हणून टक्केवारी कलमात नको, आणि या यंत्राचा आकडा पुरावा म्हणूनही नको.

मग सीमा कशावरून ठरवायची? तर त्या कामात गुण कशाचे आहेत, यावरून. फील्ड प्रोजेक्टमध्ये गुण असतात माहिती गोळा करण्याचे, ती समजून तिचा अर्थ लावण्याचे आणि स्वतः वाचून संदर्भ देण्याचे. टंकलेखनाचे गुण नसतात. ज्याचे गुण आहेत ते काम विद्यार्थिनीनं केलं पाहिजे, बाकीच्या कामाला मदत घेता येईल. हाच नियम दुसऱ्या विषयात वेगळं उत्तर देतो आणि तसंच हवं. अनुवादाच्या पेपरात अनुवाद यंत्राकडून करून घेता येणार नाही, इंग्रजी व्याकरणाच्या गृहपाठात व्याकरण तपासणाराही चालणार नाही. साधनांची नावं कलमात घालण्याची गरज मग उरत नाही. ती नावं दर सहा महिन्यांनी बदलतात, आणि कलम बदलायचं तर विद्यापरिषदेपर्यंत जावं लागतं.

आता कलमाचा पहिला भाग असा लिहिता येईल:

"शिक्षकाने कामाच्या लेखी सूचनेत वेगळे सांगितले नसेल तर विद्यार्थ्याला पुढील कामांसाठी एआय साधन वापरता येईल: स्वतः लिहिलेल्या मजकुराचे शुद्धलेखन व व्याकरण तपासणे, स्वतः लिहिलेल्या मजकुराचा अनुवाद, आणि स्वतः घेतलेल्या मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाचे लेखी रूपांतर. ज्या कौशल्याचे गुण त्या कामात दिले जाणार आहेत ते कौशल्य साधनाकडून करवून घेता येणार नाही. मुलाखत, निरीक्षण, मोजमाप किंवा संदर्भ साधनाकडून तयार करून घेणे ही बनावट माहिती समजली जाईल. ती जाहीर केली असली तरी मान्य होणार नाही."

'लेखी सूचनेत' हे शब्द मुद्दाम घातले आहेत. "मी वर्गात तोंडी सांगितलं होतं" आणि "सर, त्या दिवशी एसटी बंद होती, मी आलेच नव्हते" हा वाद आपल्याकडे दर सत्रात होतो. 'स्वतः लिहिलेल्या' हे शब्दही सोडू नयेत, नाहीतर शुद्धलेखन तपासण्याच्या नावाखाली पूर्ण प्रकरण पुन्हा लिहून येतं. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं 'जाहीर करा' एवढंच असेल, तर हुशार पोरं जाहीर करून मोकळी होतात: "तीन मुलाखती एआयकडून घेतल्या आहेत." सांगितल्यानं खोटी मुलाखत खरी होत नाही, हे कलमानंच म्हणायला हवं. आढाव्याच्या प्रकरणाचंही तेच. चॅटबॉट पुस्तकाचं नाव, लेखक, साल, प्रकाशक सगळं व्यवस्थित लिहून देतो, आणि कधी कधी असं पुस्तक जगात निघालेलंच नसतं. परीक्षकाला हे सापडणं अवघड नाही. यादीतले दोन-तीन संदर्भ निवडायचे आणि विचारायचं, हे कुठे मिळालं, ग्रंथालयात की नेटवर, यातलं कोणतं पान वापरलं?

आता सांगण्याचा भाग, म्हणजे निवेदन. मसुद्यात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि तो जायलाच हवा.

पहिली अडचण उंबरठ्याची. मोबाईलचा कीबोर्ड शब्द सुचवतो, तेही एआयच. गुगलवर काही शोधलं तर वरतीच तयार उत्तर येतं, तेही एआय. हे सगळं लिहा म्हटलं, तर प्रत्येक जण एकच ओळ चिकटवणार: "मी भाषा सुधारण्यासाठी एआय वापरले आहे." सगळ्या प्रोजेक्टवर तीच ओळ आली की तिच्यातून काहीच कळत नाही. म्हणून उंबरठा स्पष्ट हवा. शब्द सुचवणं, साधा शोध, शोधातून सापडलेली मूळ पानं उघडून वाचणं, एवढ्याला निवेदन नको. साधनानं दिलेलं वाक्य, अनुवाद, लेखी रूप, मांडणी किंवा आलेख अंतिम कामात आला, की निवेदन हवं.

दुसरी अडचण कोऱ्या जागेची. निवेदन नसेल तर तिनं वापरलंच नाही की सांगितलं नाही, हे कसं ओळखायचं? त्यावर उपाय सोपा आहे. प्रोजेक्टमध्ये "सदर प्रकल्प माझा स्वतःचा आहे" असं प्रतिज्ञापत्राचं पान आधीपासून असतंच. त्याच पानावर दोन पर्याय छापायचे, 'वापर केला नाही' आणि 'वापर खालीलप्रमाणे केला'. एकावर खूण केल्याशिवाय कॉलेजनं प्रोजेक्ट जमाच करून घ्यायचा नाही.

तिसरी अडचण तालुक्याच्या ठिकाणची आहे, आणि मोठ्या शहरातल्या धोरणांत ती मला कुठे दिसली नाही. आपल्याकडे निम्मे प्रोजेक्ट बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात टाइप होतात. हाताने लिहिलेली वही द्यायची, दुसऱ्या दिवशी बांधलेली प्रत आणायची. टाइप करणारा पोरगाच आजकाल म्हणतो, "मॅडम, थोडं नीट करून देऊ का?" आणि वहीतलं वाक्य यंत्रातून काढून देतो. विद्यार्थिनीनं एआय उघडलंसुद्धा नाही, पण तिच्या प्रोजेक्टमध्ये ते आलं. म्हणून 'विद्यार्थ्याने स्वतः किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी केलेला वापर' असे शब्द घालावे लागतात, आणि मूळ वही तोंडी परीक्षेपर्यंत सांभाळून ठेवायला सांगावं लागतं. वही हाताशी असली की तिलाही आधार राहतो.

याच कारणानं चॅटचे स्क्रीनशॉट सगळ्यांकडून मागू नयेत. फोन भावाचा असतो, खातं कुणा दुसऱ्याचं असतं, इतिहास पुसलेला असतो. पाळता येणार नाही अशी अट घातली की पोरं ती बनवून पूर्ण करतात. पीएच.डी.सारख्या मोठ्या संशोधनाला नोंदी मागा, पदवीच्या प्रोजेक्टला चार प्रश्नांची उत्तरं पुरेत: कोणतं साधन आणि कोणत्या महिन्यात, कशासाठी, प्रोजेक्टमध्ये कुठे, आणि त्यातून आलेलं मी कसं तपासलं.

यातला चौथा प्रश्न, कसं तपासलं हा, मसुद्यातून नेहमी गळतो, आणि सगळ्यात जास्त उजेड त्याच्यातूनच पडतो. आपल्या विद्यार्थिनीच्या एका मुलाखतीत बाई म्हणाल्या होत्या, "आम्हाले उचल भेटत नाई." ॲपनं लिहिलं, "आम्हाला उचल भेटते ना." ज्या प्रोजेक्टचा विषयच उचल, त्यात नकाराचा होकार झाला. ही ॲप बहुतेक प्रमाण मराठीवर तयार झालेली असतात. त्यात शेतात वारा, मागे बायांचा गलका, आणि 'नाई' हळू आवाजात म्हटलेलं. जिनं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं तिलाच हे सापडणार. म्हणून "लेखी रूप ॲपनं केलं" एवढ्यावर न थांबता "आणि मी पुन्हा ऐकून दुरुस्त केलं" हे तिनं सहीनिशी म्हणायला हवं.

तिचं निवेदन मग साधारण असं होईल:

"(साधनाचे नाव), जानेवारी महिन्यात. मुलाखतींचे लेखी रूप करण्यासाठी, प्रकरण ३. प्रत्येक मुलाखत पुन्हा ऐकली. नकारार्थी वाक्ये आणि मजुरीचे आकडे अनेक ठिकाणी चुकले होते, ते दुरुस्त केले. प्रकरण ४ आणि ५ चे शुद्धलेखन तपासले, वाक्ये माझी आहेत. सारांशाचा इंग्रजी अनुवाद साधनाने केला, मूळ मराठी सारांश परिशिष्टात जोडला आहे. रेकॉर्डिंग ॲपमध्ये टाकले जाईल हे मुलाखतीआधी सांगून संमती घेतली."

एवढं पाच-सहा ओळींचं निवेदन तिला घरी बसून लिहिता येतं. परीक्षकाला त्यातून काय विचारायचं तेही कळतं.

शेवटच्या ओळीबद्दल थोडं. त्या बाया कुणाकडून उचल घेतली, सावकार कोण, मालक काय म्हणतो हे बोलल्या आहेत. तो आवाज ॲपमध्ये टाकला म्हणजे कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर गेला. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गावात हे नातं जपावं लागतं. सही करता येत नसेल तर रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तोंडी विचारावं आणि 'हो' रेकॉर्ड करावं. कुणी नाही म्हटलं, तर ती मुलाखत हातानं लिहून काढायची. कलमात यासाठी एक वाक्य पुरतं, 'मुलाखत देणाऱ्याची संमती असल्यास'.

निवेदन खरं यावं असं वाटत असेल तर आणखी एक वाक्य लागतं: "मान्य वापर जाहीर केल्यामुळे गुण कमी केले जाणार नाहीत." हे वाक्य नसेल तर सगळं कलम कागदावर राहतं. सांगितल्यावर मार्गदर्शक नाक मुरडतात, परीक्षक दोन गुण कापतात, आणि पुढच्या वर्षीच्या बॅचला सीनियर सांगतात, 'केला नाही'वर खूण कर अन् मोकळी हो. मग लपवणाऱ्याला पूर्ण गुण आणि सांगणारी मागे, असा उलटा न्याय होतो.

शिक्षेच्या बाबतीत नवा तुरुंग बांधायची गरज नाही. मान्य वापर असून निवेदन राहिलं, तर ठरलेल्या मुदतीत निवेदन जोडून आणण्यासाठी प्रोजेक्ट विद्यार्थ्याला परत द्यावा. अमान्य वापर केला पण सांगितला, तर त्या भागाला गुण नाहीत, बाकीचं तपासावं. आपल्या उदाहरणात आढाव्याचं प्रकरण असं जाईल. अमान्य वापर लपवला किंवा बनावट मुलाखती घातल्या, तर परीक्षेतील गैरप्रकारांसाठी विद्यापीठाची जी समिती आणि जो ऑर्डिनन्स आधीच आहे तिकडे प्रकरण जावं. कॉलेजनं आपल्या पातळीवर नवी शिक्षा काढली, तर पहिल्याच अपिलात ती टिकणं अवघड.

आणि शंका आली तर? कलमात म्हणावं: "ओळख सॉफ्टवेअरचा अहवाल हा एकटा पुरावा धरला जाणार नाही. शंका असल्यास विद्यार्थ्याला लेखी कळवून मूळ वही, ध्वनिमुद्रण व आधीचे मसुदे यांच्यासह तोंडी परीक्षा घेतली जाईल." तोंडी परीक्षेत अवघड काही विचारायचं नसतं. कोणत्या बाईंची मुलाखत कुठे घेतली, शेतात की घरी? उचल नाही म्हणणाऱ्या किती निघाल्या? हंगामाच्या शेवटी किलोमागचा दर का बदलतो? शेतात जाऊन आलेली पोरगी यावर थांबत नाही. वऱ्हाडीत बोलली तरी चालेल, असं परीक्षकांना आधीच सांगून ठेवावं. प्रमाण भाषेत अडखळणं हा लबाडीचा पुरावा धरला जाऊ नये. ज्या तीन मुलाखती यंत्राकडून आल्या त्यांचं रेकॉर्डिंगच नसतं, त्यामुळे तिथे वाद फार लांबत नाही.

कलम लागू कधीपासून, हेही लिहावं लागतं. ज्यांचे विषय मंजूर होऊन काम सुरू झालं आहे त्यांना मध्येच नवा नियम लावला की तक्रारी येणार आणि त्या रास्त असणार. पुढच्या सत्रात मंजूर होणाऱ्या विषयांपासून लावावा, आणि निवेदनाचा नमुना, मान्य वापराची उदाहरणं वगैरे परिशिष्टात ठेवावीत, म्हणजे ती दरवर्षी बदलता येतात.

एक प्रश्न बैठकीच्या शेवटी नेहमी निघतो आणि तेव्हा सगळे घड्याळाकडे बघतात: शिक्षकांचं काय? प्रश्नपत्रिका काढताना, प्रोजेक्टवर शेरा लिहिताना एआय वापरलं तर? माझ्या मते हे याच कलमात कोंबू नये, कारण शिक्षकांना लागू होणारे नियम वेगळे आहेत. पण शेजारीच एक वेगळं कलम हवं: गुण देण्याचा निर्णय साधनावर सोपवता येणार नाही, विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट त्याच्या संमतीशिवाय बाहेरच्या साधनात टाकता येणार नाही, आणि शेरा साधनाच्या मदतीनं लिहिला असेल तर शिक्षकानंही तो त्याच चार प्रश्नांत जाहीर करावा.